वर्गमित्र अचानक गेला. परिपाठात मुख्याध्यापकांनी काय बोलावं?

एप्रिल 2025. धाराशिव जिल्ह्यातील परांडा येथील महाविद्यालयात निरोप समारंभ सुरू होता. भाषण करता करता एक विद्यार्थिनी कोसळली आणि तिचा मृत्यू झाला. त्या क्षणाचा व्हिडिओ राज्यभर मोबाइलवर फिरला. आता अशा घटनेनंतर मुख्याध्यापक किंवा प्राचार्य बोलायला उभे राहतात, तेव्हा बातमी मुलांपर्यंत आधीच पोहोचलेली असते. सोबत चार अफवाही असतात.

समजा, कळव्यातील एखाद्या शाळेत नववीतला मुलगा रविवारी संध्याकाळी लोकलच्या अपघातात गेला. सोमवारी सकाळी शाळा भरते. आपल्याकडची ठरलेली पद्धत अशी: प्रार्थना, मुख्याध्यापकांचे चार शब्द, दोन मिनिटं स्तब्धता आणि शाळा सोडून देणं. हेतू चांगला असला तरी हा क्रम चुकीचा आहे.

आधी वर्ग, मग मैदान

अमेरिकेत विद्यार्थ्याच्या आत्महत्येनंतर शाळेने काय करावं, यासाठी 2011 मध्ये एक मार्गदर्शक पुस्तिका तयार झाली. अशी बातमी मोठ्या सभेत किंवा ध्वनिक्षेपकावरून पहिल्यांदा सांगू नये, लहान गटांत सांगावी, असं ती सुचवते. अपघाती मृत्यूलाही हे लागू पडतं. मैदानावर हजारभर मुलांमध्ये एक रडू लागला की रांगच रडू लागते, आणि जो सुन्न होऊन गप्प उभा आहे त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. म्हणून आधी शिक्षकांची दहा मिनिटांची बैठक, मग वर्गशिक्षकांनी आपापल्या वर्गात सांगणं, आणि त्यानंतर परिपाठ. त्याच्या तुकडीत मुख्याध्यापकांनी स्वतः जावं. दुपारच्या अधिवेशनातल्या मुलांनाही हेच शब्द, याच क्रमाने सांगायला हवेत.

बोलण्याआधी घरच्यांना फोन करून काय सांगितलेलं चालेल, हे विचारणं गरजेचं आहे. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद झालेली असते, शवविच्छेदनाचा अहवाल यायचा असतो. त्यामुळे तो दारात उभा होता, हेडफोन लावून रूळ ओलांडत होता, असं काहीही शाळेने बोलू नये.

मग बोलायचं काय? साधारण असं: ‘आपल्या नववी ब मधल्या अमुकचा काल संध्याकाळी रेल्वे अपघातात मृत्यू झाला. अपघात कसा झाला, हे आपल्याला माहीत नाही, म्हणून कुणीही अंदाज पुढे पाठवू नका. कुणाला रडू येईल, कुणाला येणार नाही, दोन्ही ठीक आहे. आज चाचणी होणार नाही. ग्रंथालयात बाई दिवसभर बसल्या आहेत, कधीही जा.’ मिनिटभरात एवढं पुरे.

‘मृत्यू झाला’ हे शब्द उच्चारणं जड जातं, म्हणून ‘देवाघरी गेला’, ‘आपल्याला सोडून गेला’ असं म्हटलं जातं. पाचवी-सहावीतल्या मुलांना त्यातून नीट उलगडा होत नाही. ‘चांगली माणसं देवाला आवडतात’ हे तर टाळाच; चांगलं वागणाऱ्या मुलाने यातून काय समजायचं?

उपदेश त्या दिवशी नको

सगळ्यात मोठा मोह सुरक्षेच्या भाषणाचा असतो. कळव्यात तो जास्तच, कारण इथली मुलं लोकलच्या गर्दीतच वाढतात. पण त्या सकाळी ‘म्हणून सांगतो, दारात लटकू नका’ म्हटलं की मुलांना एवढंच ऐकू येतं, की चूक त्याची होती. त्याच्यासोबत प्रवास करणाऱ्या मित्राच्या मनात तर ‘मी त्याला आत ओढायला हवं होतं’ हे आधीच सुरू असतं. रेल्वे सुरक्षेचा तास दोन-तीन आठवड्यांनी, त्याचं नाव न घेता ठेवता येतो.

मृत्यू आत्महत्येने झाला असेल, तर पद्धत सांगू नये, परीक्षेसारखं एकच कारण देऊ नये आणि शूर वगैरे विशेषणंही लावू नयेत. त्या वेळी टेलिमानसचा 14416 हा क्रमांक फळ्यावर लिहावा. तो मोफत आणि चोवीस तास सुरू असतो.

आणि शाळा लगेच सोडू नये. सकाळी साडेसातला सोडलेल्या मुलाच्या घरी बऱ्याचदा कुणीच नसतं. आई-वडील ठाण्याच्या पुढे गाडीत असतात. रिकाम्या घरात तो मोबाइल घेऊन बसणार आणि तेच फोटो पाहणार. त्यापेक्षा दोन तास वर्गात बसलेला बरा, फळ्यावर गणित नसलं तरी चालेल. लवकर सोडायचंच असेल, तर आधी पालकांना कळवावं.

दुसऱ्या दिवशीच्या हजेरीचा प्रश्न उरतो. सवयीने त्याचा क्रमांक पुकारला जातो आणि वर्ग गोठतो. वर्गशिक्षकांनी आदल्या दिवशीच हजेरीपट पाहून ठेवावा. बाक लगेच उचलू नये. काही दिवसांनी, मुलांना विचारून हलवावा. शाळेच्या ॲपमधून त्याच्या आई-वडिलांना जाणारे गैरहजेरीचे आणि फीचे आपोआप संदेश मात्र कार्यालयाने त्याच दिवशी बंद करावेत.