कर्ज फिटले, पॉलिसी मात्र बँकेच्याच नावावर
मा. गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई यांना खुले पत्र



मी ठाण्यातल्या कोलशेतला राहतो आणि आयुर्विम्याचा प्रतिनिधी म्हणून काम करतो. ज्या कोलशेत रोडवर एके काळी सँडोझ आणि पुढे क्लॅरियंटचा कारखाना होता, तिथे आता टॉवर उभे आहेत. त्यांतले बहुतेक फ्लॅट गृहकर्जावर घेतलेले आहेत. पुष्कळ कर्जांच्या मागे फ्लॅटच्या गहाणाबरोबर आणखी एक तारण असते, ते म्हणजे कर्जदाराची आयुर्विमा पॉलिसी. ही पॉलिसी बँकेच्या नावे करताना आणि कर्ज फिटल्यावर परत घेताना काय होते, हे मी जवळून पाहतो. त्यातली एक उणीव आपल्या एका ओळीच्या खुलाशाने भरून निघेल, म्हणून हे पत्र.

आधी एका कुटुंबाचे सांगतो. नावे कोणाचीच देत नाही. नवऱ्याने 2016 साली कोलशेतला फ्लॅट घेतला. बँकेने गृहकर्ज देताना त्याची दहा लाखांची एंडोमेंट पॉलिसी असाइन करून घेतली. पुढे गावाकडची जमीन विकून त्याने मुदतीआधीच कर्ज फेडले. बँकेने नो ड्यूज दाखला दिला, फ्लॅटची कागदपत्रे दिली आणि पॉलिसीचा बाँडही पाकिटात घालून परत केला. बाँड हातात आला म्हणजे पॉलिसी आपली झाली, असा त्याचा समज झाला. दोन वर्षांनी तो वारला. बायकोने नॉमिनी म्हणून दावा दाखल केला, तेव्हा विमा कार्यालयाने सांगितले की आमच्या दप्तरी या पॉलिसीची मालक बँक आहे आणि असाइनमेंट झाल्यामुळे नॉमिनेशन रद्द झालेले आहे, तेव्हा वारसा प्रमाणपत्र आणा.

मी बाँड उलटून पाहिला. मागच्या बाजूला निळ्या शाईत असाइनमेंटचा मजकूर होता, खाली नवऱ्याची सही, शेजारी साक्षीदाराची सही आणि बँकेचा गोल शिक्का. कारणाच्या जागी ‘मोबदल्यापोटी’ एवढेच लिहिलेले. गृहकर्जाचा उल्लेख नाही, कर्ज खात्याचा नंबर नाही. त्याखाली, जिथे बँकेने पॉलिसी परत केल्याचा शेरा असायला हवा होता, तिथला कागद कोराच होता.

या दोन रिकाम्या जागांनी त्या बाईला किती फिरवले हे समजायला विमा कायद्यात थोडे डोकवावे लागेल. विमा अधिनियम 1938 च्या कलम 38 मध्ये असाइनमेंट कशी करायची ते सांगितले आहे. पॉलिसीवरच शेरा मारून किंवा स्वतंत्र दस्त करून ती करता येते. त्यावर पॉलिसीधारकाची सही आणि किमान एका साक्षीदाराची साक्ष लागते. हस्तांतर का होत आहे, कोणाच्या नावे होत आहे आणि कोणत्या अटींवर, हेही त्यात स्पष्ट हवे. ही कारणाची अट 2015 च्या दुरुस्तीने आली, आणि तिच्यामागे मुंबईतलाच एक खटला आहे. लोकांच्या पॉलिसी विकत घेणाऱ्या कंपन्यांच्या नावे असाइनमेंट नोंदवायला आयुर्विमा महामंडळाने नकार दिला होता. त्यावर ‘इन्शुअर पॉलिसी प्लस’ ही कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. पॉलिसी ही हस्तांतर करता येण्याजोगी मालमत्ता आहे, असा निकाल 2007 साली तिच्या बाजूने लागला आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. तोवर संसदेने कायदाच बदलला होता. पॉलिसीचा व्यापार चालला आहे किंवा व्यवहार पॉलिसीधारकाच्या हिताचा नाही असे वाटले, तर विमा कंपनी आता नोंद नाकारू शकते. मात्र नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत तिला कारण लेखी कळवावे लागते.

त्याच दुरुस्तीने कर्जदाराच्या कुटुंबासाठी फार मोलाची गोष्ट केली. एरवी असाइनमेंट झाली की नॉमिनेशन आपोआप रद्द होते. पण ज्याच्या नावे पॉलिसी केली त्यानेच कर्ज दिले असेल आणि त्या कर्जापोटी पॉलिसी दिली असेल, तर कलम 39 नुसार नॉमिनेशन रद्द होत नाही. बँकेचे जेवढे येणे असेल तेवढ्यापुरताच नॉमिनीचा हक्क मागे सरतो. दहा लाखांच्या दाव्यात बँकेचे साडेसहा लाख येणे असेल, तर उरलेल्या साडेतीन लाखांवर नॉमिनीचा हक्क शाबूत राहतो. येणे शून्य असेल तर नॉमिनीच्या हक्काला धक्का लागत नाही. म्हणजे या बाईचा हक्क कायद्याने जिवंत होता. पण बाँडवर ‘कर्ज’ हा शब्दच नव्हता, म्हणून दप्तरातल्या माणसाने नॉमिनेशन रद्द धरले. शेवटी बँकेकडून जुने मंजुरीपत्र, कर्ज खात्याचा उतारा आणि आमचे काही येणे नाही असे पत्र मिळवून जोडले, तेव्हा पैसे मिळाले.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी बाँडवर असा मजकूर लिहायला सांगतो: ‘अमुक बँकेच्या अमुक शाखेने मला गृहकर्ज खाते क्रमांक अमुकवर रुपये अमुक इतके कर्ज मंजूर केले आहे. त्या कर्जाच्या फेडीची हमी म्हणून मी पॉलिसी क्रमांक अमुक आणि तिच्याखाली मिळणारे सर्व लाभ सदर बँकेच्या नावे करीत आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँक ही पॉलिसी माझ्या नावे परत करील.’ खाली तारीख, ठिकाण, सही आणि साक्षीदाराचे पूर्ण नाव, पत्ता व सही. बाँडच्या पाठीवरच्या अशा शेऱ्याला मुद्रांक शुल्क लागत नाही. स्वतंत्र दस्त केला तर ते लागते, म्हणून पाठीवर जागा असेल तर तीच वापरावी.

बँकेचे अधिकारी कधी कधी विचारतात, ‘परत करील’ हे वाक्य घातले तर असाइनमेंट सशर्त होणार नाही का? त्यांची काळजी समजते, कारण सशर्त असाइनमेंटमध्ये बँकेला पॉलिसी सरेंडर करता येत नाही की तिच्यावर कर्ज काढता येत नाही, आणि मग तारणाला अर्थ राहत नाही. पण कायद्यातल्या सशर्त असाइनमेंटच्या अटी वेगळ्या आहेत: ज्याच्या नावे पॉलिसी केली तो विमेदाराच्या आधी वारला किंवा विमेदार मुदत संपेपर्यंत जगला, तर पैसे विमेदाराला किंवा नॉमिनीला मिळावेत, अशा. तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर प्रत्येक असाइनमेंट पूर्णच धरली जाते. कर्ज फिटल्यावर पॉलिसी परत देण्याच्या कबुलीने बँकेचे काही कमी होत नाही.

सह्या झाल्या की बँक आणि कर्जदार यांच्यात हस्तांतर पुरे होते. विमा कंपनी मात्र त्याला तेव्हाच बांधील होते, जेव्हा लेखी नोटीस आणि शेरा मारलेला मूळ बाँड, किंवा दस्ताची प्रमाणित प्रत, तिच्या कार्यालयात पोचते. पॉलिसी कल्याणच्या शाखेची असेल तर हे कागद तिथेच द्यावे लागतात. सोबत शेवटच्या हप्त्याची पावती, पॅन आणि ओळखीचे व पत्त्याचे पुरावे, बँकेचे मंजुरीपत्र आणि बँकेच्या खात्याचा तपशील द्यावा. एकाच पॉलिसीवर दोघांनी हक्क सांगितला तर ज्याची नोटीस आधी पोचली त्याचा हक्क आधी. नोटीस पोचल्याची लेखी पोच ठरलेली फी भरून मागता येते आणि ती निर्णायक पुरावा ठरते. तरीही बाँड तिजोरीत ठेवायचा आणि नोटीस पाठवायचीच नाही, असे काही शाखांत घडते. शंका असेल तर विमा शाखेतून पॉलिसीचा स्टेटस रिपोर्ट काढावा. त्यात असाइनमेंट दिसली नाही, तर नोंद झालेली नाही असे समजून चौकशी करावी.

पॉलिसी पत्नी-मुलांच्या हितासाठी 1874 च्या विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली घेतलेली असेल, तर ती मुळात ट्रस्ट असते आणि नवऱ्याला ती बँकेला देता येत नाही. हे आधीच पाहिले तर कर्ज ऐनवेळी अडत नाही.

आता पत्राच्या मुख्य विषयाकडे येतो. कर्ज फिटल्यावर हीच सगळी वाट उलट चालावी लागते. बँकेच्या अधिकृत अधिकाऱ्याने बाँडवर परतीचा शेरा मारायचा, सही-शिक्का करायचा आणि त्याची नोटीस विमा कंपनीला द्यायची. नॉमिनेशन काही कारणाने रद्द झालेले असले तरी बँकेने पॉलिसी परत केल्यावर ते आपोआप पुन्हा जिवंत होते, असेही कलम 39 सांगते. हा शेरा राहिला तर मुदत संपल्याची रक्कमही विमा कंपनी बँकेच्याच नावे काढू शकते. मधल्या काळात बँकाही बदलतात. देना बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली. अशा वेळी विमा दप्तरात जुन्या बँकेचे नाव राहते आणि नव्या बँकेच्या अधिकाऱ्याला वारस बँक म्हणून सही करावी लागते. कर्जदार हयात असताना हे जड जाते, तो गेल्यावर किती जड जाते ते वर लिहिलेच आहे.

आपल्या बँकेने 13 सप्टेंबर 2023 रोजी काढलेले परिपत्रक मी कर्जदारांना आवर्जून दाखवतो. वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर स्थावर-जंगम मालमत्तेची मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत द्यायची, नोंदवलेला बोजा काढायचा आणि बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यायची, असे त्यात आहे. गृहकर्जही त्यात येते. पण असाइन केलेल्या आयुर्विमा पॉलिसीचे नाव घेऊन त्यात काही म्हटलेले नाही. शाखा याचा अर्थ असा लावतात की बाँडचा कागद पाकिटात घालून दिला की काम झाले. फ्लॅटच्या कागदांचे तसे चालते, कारण मालकी कर्जदाराचीच राहिलेली असते. पॉलिसीची मालकी मात्र बँकेकडे गेलेली असते आणि नुसता कागद परत देऊन ती परत येत नाही.

माझी मागणी एवढीच आहे. या नियमात असाइन केलेली आयुर्विमा पॉलिसी येते, आणि ‘परत देणे’ याचा अर्थ परतीचा शेरा, विमा कंपनीला नोटीस आणि त्या नोटिशीची पोच कर्जदाराच्या हाती, असा खुलासा आपण करावा. तीस दिवस आणि पाच हजारांची तरतूद त्याला लागू करावी. कर्ज देताना विमा कंपनीकडून मिळालेल्या पोचेची प्रत कर्जदाराला देणेही बँकांवर बंधनकारक करावे. हे घडेपर्यंत कोलशेत, ढोकाळी, बाळकुम परिसरातल्या ज्यांचे कर्ज फिटले आहे, त्यांनी आपला बाँड उलटून पाहावा. परतीचा शेरा नसेल तर बँकेच्या शाखेत लेखी अर्ज देऊन त्यावर आवक क्रमांक घ्यावा. या पत्राची प्रत विमा नियामक आणि विकास प्राधिकरणालाही पाठवत आहे.

आपला विश्वासू,
एक विमा प्रतिनिधी
कोलशेत, ठाणे (पश्चिम)