"डायबेटिक" लिहिलेली पाटी आणि काकांचं बोट

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण घरात कुणाला साखर असेल तर वाचा.

मी पंचवीस वर्षं पायाची मापं घेऊन बूट-चपला बनवतो. विश्रांतवाडी चौकापासून धानोरीकडे जाताना हल्ली दर दुसऱ्या दुकानात "डायबेटिक चप्पल" दिसते. हातात घेऊन बघा. मऊ असते, बस्स. मऊ म्हणजे डायबेटिक, हे कुणी ठरवलं?

टिंगरेनगरचे एक काका, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त. साखर पंधरा वर्षांची, तळवे बधिर. डॉक्टरांनी मऊ सुखतळा लिहून दिला. दुकानदाराने तो सात-आठ मिलीमीटरचा सुखतळा त्यांच्या नेहमीच्याच बुटात, आधीच्या सुखतळ्यावर सरकवला. झालं काम! आता विचार करा, बुटाच्या आतली जागा तेवढीच आणि पाय मात्र सात-आठ मिलीमीटर वर चढलेला. जाणार कुठे? छताला लागणार.

त्यात मधुमेहात पायातले छोटे स्नायू दुबळे होतात आणि बोटं पंज्यासारखी वर वाकतात. काकांचं अंगठ्याशेजारचं बोट असंच कमानीसारखं उठलेलं. नेमकं त्या सांध्यावर बुटाचे दोन तुकडे जोडणारी शिवण आतून येत होती. टाक्यांची ती उंची एका मिलीमीटरचीही नसेल. तुम्हा-आम्हाला ती दहाव्या पावलाला टोचली असती, आपण बूट काढून चोळलं असतं. काकांना टोचलंच नाही. पालखी आली त्या दिवशी ते विश्रांतवाडीपासून संगमवाडीपर्यंत माउलींबरोबर चालले. हजारो पावलं, प्रत्येक पाऊल त्याच शिवणीवर. घरी आल्यावर काकूंनी मोज्यावर रक्त बघितलं. सहा आठवड्यांत जखम हाडापर्यंत गेली आणि बोट काढावं लागलं.

माझं भांडण आहे ते इथे. सुखतळा चुकीचा नव्हता. बूट चुकीचा होता. जास्त खोलीचा बूट म्हणजे ज्यातला मूळ सुखतळा काढला की निदान पाच मिलीमीटर उंची मोकळी होते. मग तिथे जाड सुखतळा बसतो आणि वरती बोटांना हवा राहते. अमेरिकेच्या मेडिकेअरमध्ये तर ही खोली मोजून लिहिलेली अट आहे, 3/16 इंच. आपल्याकडे मोजायला कुणी पट्टीच काढत नाही.

दुसरं, बिनशिवणीचं अस्तर. कंपनीने लिहिलंय म्हणून मानू नका. हात आत घाला आणि बोटांच्या टोकांनी छप्पर, कडा, टाच सगळं चाचपा. काही लागलं तर तो बूट परत. हात आपला घाला, रुग्णाचा नको, कारण अनेकांच्या बोटांची जाणीवही गेलेली असते. घरातही रोज घालण्याआधी बूट झटकून असंच बघायचं. खडा, टाचणी, नातवाचं खेळणं, काहीही निघतं.

माप संध्याकाळी, उभं राहून घ्यायचं. सर्वात लांब बोटापुढे एक ते दोन सेंटिमीटर मोकळे हवेत. कागदावर पाय उभा ठेवून आखा, कापा आणि तो कागद बुटात सरकवा. कडा मुडपल्या तर बूट अरुंद. "घट्ट बसतो, छान वाटतं" यावर अजिबात विश्वास ठेवू नका. बधिर पायाला घट्ट बूटच "घातल्यासारखा" वाटतो, म्हणून हे लोक हमखास लहान माप उचलतात. अंगठ्याची चप्पल तर नकोच. मागे पट्टा नसला की ती पायातून निसटते आणि कळतही नाही.

आणि सरकार? 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या पादत्राणाला 5 टक्के जीएसटी, त्याच्या वर 18. जास्त खोलीचा धड बूट बऱ्याचदा 2500च्या वर जातो. म्हणजे दुकानातून जोडीने घेतलेला हा बूट आणि लग्नात मिरवायचा बूट एकाच रांगेत! महापालिकेच्या दवाखान्यात साखर तपासायला रांग लागते, पण त्याच रांगेत मोजे काढायला का सांगत नाहीत? दहा ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूने बधिरपणा तपासायला दोन मिनिटं पुरतात. माझं नगरसेवकांकडे एवढंच मागणं आहे: आठवड्यातून एक दिवस हा तंतू आणि एक मोजपट्टी घेऊन माणूस बसवा.

बुटाने उघडी जखम बरी होत नाही, हेही सांगून ठेवतो. जखम असेल तर माझ्याकडे येऊ नका, आधी डॉक्टरकडे जा. त्या जागेवरचा भार पूर्ण काढावा लागतो. आणि नवा बूट आणला तरी पहिल्या दिवशी दोनच तास घालून पाय बघा. लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही तर बूट पुन्हा दुकानात न्या.

काकांना मी आता आतून अखंड अस्तराचा, खोल बूट करून दिलाय. पण घरात ते अजून अनवाणीच फिरतात, देवघर आहे म्हणे. काकूंना सांगितलंय, घरासाठी एक वेगळी, स्वच्छ, मागे पट्टा असलेली जोडी ठेवा. बघू, ऐकतात का.