आजीच्या हाती माईक

जुन्नर-आंबेगावाकडची लग्नपत्रिका वाचायला निवांत वेळ लागतो. निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, भावकी, मामा मंडळी, खाली चिल्ल्यापिल्ल्यांची किलबिल. त्यातच कुठेतरी आशीर्वादाचा रकाना असतो आणि त्यात आजीचं नाव छापलेलं असतं. प्रत्यक्ष लग्नात मात्र तिला आशीर्वादाचा एक शब्द बोलायला कुणी सांगत नाही. माईकवर आशीर्वाद देतात ती माणसं वेगळी. सरपंच, माजी सरपंच, कारखान्याचे संचालक, पतसंस्थेचे अध्यक्ष, निवडणूक जवळ आली असेल तर दोन्ही गटांचे इच्छुक. निवेदकाच्या हातात चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या येत राहतात, मुहूर्त टळून जातो आणि मुंडावळ्या बांधलेली दोन माणसं घामाघूम होऊन उभी असतात. ज्यांना नवरीचं नाव चिठ्ठीत बघून घ्यावं लागतं, त्यांनी तिच्या संसाराला शुभेच्छा द्यायच्या, आणि जिनं तिला न्हाऊमाखू घातलं तिनं पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसून ऐकायच्या.

म्हणून ओळखीतल्या एका घरानं, घोडेगावाजवळच्या, यंदा ठरवलं की आशीर्वाद आजीनंच द्यायचा, तोही मंगलाष्टकांच्या आधी, माईकवर. मी लिहितो म्हणून दोन ओळी लिहून देण्यासाठी मला बोलावलं होतं.

आजी आधी तयारच नव्हत्या. भीती माईकची नव्हती. ‘माझं कपाळ मोकळं, मी कशाला पुढं येऊ?’ हा त्यांचा प्रश्न. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक हळदीला त्या स्वयंपाकघरात नाही तर मागच्या पडवीत. सवाष्णींनी ओवाळायचं, त्यांनी लांबून अक्षता टाकायच्या. वयानं आजी झालेल्या कितीतरी बाया अशा मोकळ्या कपाळाच्याच असणार. म्हणजे आशीर्वाद द्यायचं वय यावं आणि नेमका तेव्हाच तो द्यायचा मान जावा, अशी ही रीत आहे. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तोच कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव कागदावर होतो, पण पडवीतल्या बाईला हाताला धरून मांडवात आणावं लागतं. इथं ते काम नातीनं केलं. ‘आजी, तू बोलली नाहीस तर मी आंतरपाटापाशी उभीच राहणार नाही,’ असा तिचा हट्ट होता.

लग्नात मंगल शब्द कुणी बोलायचे हा वाद या मुलखाला नवा नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं 25 डिसेंबर 1873 रोजी भटजीशिवाय पहिलं लग्न लावलं. पुढं हे लोण जुन्नर तालुक्यात ओतूरपर्यंत आलं. तिथल्या शेतकरी घरांनी भटजी न बोलावता लग्नं लावली, तेव्हा हक्काच्या दक्षिणेसाठी ग्रामजोशी कोर्टात गेले. फुल्यांनी 1887 साली मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिकाच काढली. तिच्यात नवरा-नवरी एकमेकांना उद्देशून मराठीत बोलतात, आपण काय म्हणतोय ते दोघांना कळतं. ओतूरच्या शिवारात सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी माणसं यासाठी कोर्टाची पायरी चढली, आणि आता माईक आपणच चिठ्ठीवाल्यांच्या हवाली केला आहे. असो.

तर आशीर्वाद. नातवंडांनी आधी मोबाईलवर शोधून पानभर मजकूर आणला होता. त्यात ‘सहजीवनाच्या वाटेवर’ होतं, ‘दोन मनांचं मीलन’ होतं. आजींनी तो वाचून घेतला आणि म्हणाल्या, ‘छान आहे. कुणाचं लग्न आहे?’ पाठ करायचा प्रयत्न झाला, तिसऱ्या ओळीत गाडी अडली. म्हाताऱ्या माणसाला परक्याची वाक्यं पाठ होत नाहीत, आणि झाली तरी म्हणताना आवाज शाळेतल्या कवितेसारखा होतो. एका दमात मावेल एवढंच वाक्य हवं. असली तीन वाक्यं पुष्कळ झाली, त्यापुढं मांडवातली पोरं चुळबुळायला लागतात.

मग आजींनाच विचारलं, तुमच्या तोंडी काय येतं? त्यांनी ऐकवलं ते सगळं ठरीव होतं. अष्टपुत्रा हो, जन्मसावित्री हो, अखंड सौभाग्यवती राहा. त्यापाठोपाठ, सासूला आई मान, उलटं बोलू नकोस, माहेरचं नाव राख. इथं दोन गोष्टी निवडून वेगळ्या काढाव्या लागल्या. सासूला आई मान हा उपदेश आहे, आणि ऐकणारीला तो कामाची यादी वाटतो. आशीर्वादात काम सांगायचं नसतं, ऐकणाऱ्याला काही मिळावं म्हणून मागायचं असतं. कुठलं वाक्य कुठल्या बाजूचं ते ओळखायला साधी रीत आहे. वाक्याच्या शेवटी राहो, मिळो, येवो, असो बसतं का ते पाहायचं. कर, वाग, मान आलं की समजावं, उपदेशाची गाडी सुटली.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. अखंड सौभाग्यवती याचा अर्थ, नवऱ्याच्या आधी तू जा. शतकानुशतकं प्रेमानंच दिला गेलेला आशीर्वाद आहे, पण त्यात मागणं सगळं त्याच्या आयुष्याचं. मी हे बोलायला कचरत होतो. आजी स्वतःच म्हणाल्या, ‘मला तर सगळ्यांनीच दिला होता तो. लागला का?’ थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्या सांगू लागल्या की नवरा गेल्याचं दुःख सरतं, पण दुपारी एकटीनं ताट वाढून घेताना अजून जड जातं. शेजारी दुसरं पान नसतं. त्यांचं पहिलं वाक्य तिथेच मिळालं: ‘म्हातारपणीही तुम्हा दोघांची पानं शेजारी-शेजारी मांडलेली असोत.’ दोघांसाठी एकच मागणं, आणि ते मागायचा अधिकार त्यांच्याइतका त्या मांडवात कुणाला असणार होता?

बाकीची दोन वाक्यंही अशीच गप्पांतून निघाली. आजींचं सासर जुन्या आंबेगावाकडचं. ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, हे बाहेरच्यांना सांगितलं की खरं वाटत नाही. आजींचं घरही त्याच पाण्यात. घराचं बोलताना त्यांना भिंती नाही आठवत, छप्पर नाही आठवत, उंबरा आठवतो, कारण माप ओलांडून त्या आत आल्या त्या त्याच्यावरूनच. दुसरं वाक्य झालं: ‘माझा उंबरा धरणाच्या पाण्यात गेला, तुमचा उंबरा जागचा न हलो.’

तिसऱ्यासाठी थोडी खटपट करावी लागली. मुलगा ओतूरकडचा, कांदा करणारा, नवरी दवाखान्यात नर्स. नातवानं सुचवलं, ‘चाळीतल्या कांद्यासारखा तुमचा संसार टिको.’ आजी खो खो हसल्या. ‘अरे, चाळीतला कांदा सडतो, कोंब येतात, पावसाळ्यात निम्मा उकिरड्यावर जातो. हा शाप झाला की!’ उपमा द्यायची तर ज्याची द्यायची त्याची खोड माहीत पाहिजे, नाहीतर ऐकणारे शेतकरीच गालात हसतात. उपमा सोडून दिली आणि नुसतं विचारलं, या दोघांची तुम्हाला काळजी कशाची वाटते? उत्तर लगेच आलं. शेतीपंपाची वीज आळीपाळीनं रात्रीची असते. उसाच्या कडेनं मोटर चालू करायला जावं लागतं, आणि जुन्नरच्या उसात बिबट्या असतो हे सांगायला वनखात्याची पाटी लागत नाही. इकडं नातीला रातपाळी. वाक्य असं झालं: ‘रातच्या पाण्याला गेलेला आणि रातपाळीला गेलेली, दोघंही सुखरूप घरी येवोत.’ ज्याची भीती वाटते तेच उलटं करून मागितलं, एवढंच. मला लिहावं काहीच लागलं नाही, मी नुसतं ऐकून उतरवून घेतलं.

क्रमही त्यांनीच ठरवला. आधी उंबरा, मग रात्र, शेवटी पानं. म्हातारपण शेवटी यावं, असं त्यांचं म्हणणं. वेळ मात्र आम्ही हट्टानं ठरवून घेतली. अक्षता पडल्या की मांडव उठतो आणि पंगतीकडं धावतो, त्यानंतर ब्रह्मदेव बोलला तरी कुणी ऐकत नाही. म्हणून नवरा-नवरी समोरासमोर आल्यावर, आंतरपाट धरायच्या आधी. वाजंत्री थांबवायची आणि माईक नातवानं धरायचा, तोंडापासून चार बोटं लांब. म्हाताऱ्या हातात दिला तर तो बोलता बोलता खाली खाली जातो आणि शेवटचे शब्द पदराला ऐकू जातात. पहिलं वाक्य नावानं सुरू करायचं, दोघांच्याही. एवढी तालीम घरात दोनदा झाली. कागद नव्हताच.

लग्नाच्या दिवशी चिठ्ठ्या आल्याच. पाच-सहा पुढाऱ्यांनी आशीर्वाद दिले, त्यातल्या एकानं नवरदेवाचं आडनाव चुकवलं. मग आजी उठल्या. दोघांची नावं घेतली, तीन वाक्यं म्हटली आणि खाली बसल्या. मधल्या वाक्याला पुरुषांच्या बाजूनं एकदम ‘हां!’ असा आवाज आला, पाणी द्यायला रात्री जाणारे सगळे तिकडेच बसले होते.

पाहून शिकणारी माणसं असतात. माप ओलांडताना ओतूरच्या आजेसासूबाईंनी नातसुनेला हाताला धरून थांबवलं आणि कुणी न सांगता म्हणाल्या, ‘कांद्याला भाव मिळो ना मिळो, या घरात तुझ्या शब्दाला भाव राहो.’ मला विचाराल तर दिवसभरातलं सगळ्यात सरस वाक्य हे. सासरच्या थोरल्या बाईनं उंबऱ्यावर, चार सुना ऐकत असताना म्हटलेलं. म्हणजे पुढं कधी नातसुनेनं आठवण करून दिली तर आजेसासूबाईंना नाही म्हणता येणार नाही.

एक घोळ झालाच. घोडेगावच्या आजी बोलत होत्या तेव्हा व्हिडिओवाला नुकत्याच आलेल्या पुढाऱ्याच्या सत्काराची तयारी टिपत होता. संध्याकाळी तो ओशाळून आजींकडं आला, म्हणाला, आजी, तेवढं परत म्हणा ना, एडिटिंगमध्ये जोडून टाकतो. आजी पान लावत होत्या. ‘एकदा दिला तो लागू झाला,’ त्या म्हणाल्या. ‘तुला तुझ्या लग्नात वेगळा देईन, बोलावलंस तर.’