साक्षीदार नाही, पण साखळी आहे काय?

गावगाड्यात दलितावर अत्याचार झाला की पोलीस पाटलापासून वकिलापर्यंत सगळे एकच विचारतात, 'डोळ्यांनी कुणी पाहिले?' पाहिलेले असते अर्ध्या गावाने. पण न्यायालयात बोलायला कुणी उभे राहत नाही. खर्ड्यात 2014 साली आपल्या एका कोवळ्या पोराचा खून झाला. साक्षीदार एकामागून एक उलटले आणि 2017 मध्ये अहमदनगरच्या न्यायालयातून सारे आरोपी निर्दोष सुटले. म्हणून साक्षीदार नसताना न्यायालय गुन्हा कसा ठरवते, हे चळवळीच्या माणसाला माहीत असलेच पाहिजे.

अशा खटल्यात उभा असतो तो परिस्थितीजन्य पुरावा. तो कसा तोलायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली पुण्याच्या सारडा खटल्यात सांगितले आणि त्या कसोट्यांना 'पंचशील' हाच शब्द वापरला. प्रत्येक दुवा पूर्ण सिद्ध हवा. 'झाले असावे' चालत नाही. दुवे आरोपीच्या गुन्ह्याशीच जुळले पाहिजेत. ते निर्णायक स्वरूपाचे हवेत. दुसरी कोणतीही शक्यता त्यांनी शिल्लक ठेवता कामा नये. आणि साखळी अशी अखंड हवी की, हे कृत्य आरोपीनेच केले, असेच माणसाच्या बुद्धीला पटावे.

ही कसोटी किती कठोर आहे, ते त्याच खटल्यात दिसले. लग्नाला काही महिनेच झालेली विवाहिता सायनाईडने मेली होती. सत्र न्यायालयाने पतीला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. पण सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. विष त्याच्याजवळ होते, हे सिद्ध झाले नव्हते. आणि तिने आत्महत्या केली असण्याची शक्यता तिच्या पत्रांमुळे पुसली जात नव्हती. आरोपी खोटे बोलला तरी त्या खोट्याने तुटलेली साखळी जोडता येत नाही, असेही न्यायालयाने बजावले. हा निकाल अनेकांना टोचला. पण संशयावरून पकडून आणलेल्या पारध्याच्या पोरालाही हेच पंचशील वाचवते, हे विसरू नका.

मग साखळी पूर्ण कशी होते? सोनईचे हत्याकांड पाहा. 1 जानेवारी 2013 रोजी नेवासा तालुक्यात मेहतर समाजाच्या तीन तरुणांना शौचालयाची टाकी साफ करण्याच्या निमित्ताने बोलावून ठार मारण्यात आले. खून होताना पाहिलेला साक्षीदार नव्हता. पण कारण होते: त्यांतील एकाचे सवर्ण मुलीवरील प्रेम. बोलावणे होते. एकाचे प्रेत टाकीत आणि दोघांची कोरड्या विहिरीत सापडली. टाकीतला मृत्यू अपघात म्हणून खपवायचा प्रयत्न झाला. पण टाकीत पडून मेलेल्या माणसाचे सोबती विहिरीत कसे पुरले जातील? 'अपघात' ही दुसरी शक्यता इथेच संपते. नाशिकच्या सत्र न्यायालयाने जानेवारी 2018 मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. सातव्याला मात्र पुराव्याअभावी सोडले, कारण साखळी प्रत्येक आरोपीपर्यंत स्वतंत्रपणे पोहोचावी लागते.

साखळी तुटते ती बहुधा न्यायालयात नव्हे, पहिल्या आठवड्यात पोलीस ठाण्यात. मयताला आरोपीबरोबर शेवटचे पाहिले ती वेळ आणि मृत्यूची वेळ यांत फार अंतर पडले की, मधे दुसरा कुणी आला असेल, असे बचावाचा वकील म्हणणारच. आरोपीने कोयता काढून दिला, तर त्याच्या कबुलीतला वस्तू सापडण्यापुरताच भाग ग्राह्य धरतात. 'मी मारले' हे पोलिसांपुढचे वाक्य वगळले जाते. त्यातच पंच आरोपीच्या भावकीतले घेतले, वस्तू जागेवर सीलबंद केली नाही, की तोही दुवा गेला. मोबाईलच्या नोंदी कंपनीकडे कायम राहत नाहीत; आणि त्या आणल्या तरी कायद्याने लागणारे प्रमाणपत्र जोडले नाही तर त्या कागदाला किंमत नाही.

1 जुलै 2024 पासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला. कलमांचे आकडे बदलले, ही तत्त्वे बदलली नाहीत. म्हणून मोर्चा काढाल तेव्हा 'आरोपीला अटक करा' एवढ्यावर थांबू नका. पंच कोण घेतले, सील कधी लावले, मोबाईलच्या नोंदी मागवल्या काय, हे लेखी विचारा आणि पोच घ्या. गाव गप्प बसेल. टाकी, विहीर आणि कोयता यांना गप्प बसवता येत नाही. त्यांना गप्प करतो तो हलगर्जी तपास, आणि तो हलगर्जीपणा नेहमीच नकळत होतो, असे आम्ही मानत नाही.