पावतीवरची दोन अक्षरे

पुण्याच्या आजी-आजोबांनी जर्मनीतल्या नातवासाठी झबली-टोपडी पाठवली. पाकीट मुंबईहून निघाल्याची नोंद मोबाइलवर दिसली, फ्रँकफर्टला पोचल्याचीही दिसली. त्यानंतर मात्र सारे सामसूम. घरातले लगेच ‘गहाळ झालं’ म्हणून मोकळे होतात आणि काउंटरवरचा कारकून ‘आमच्याकडून गेलंय’ म्हणून. खरे उत्तर बहुतेक वेळा पावतीवरच छापलेले असते.

आंतरराष्ट्रीय टपालाचा क्रमांक सगळ्या जगात एकाच घडणीचा असतो: आधी दोन अक्षरे, मग नऊ आकडे, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरे. यातले पहिले अक्षर महत्त्वाचे. R म्हणजे रजिस्टर, C म्हणजे पार्सल, E म्हणजे स्पीड पोस्टसारखी जलद सेवा. क्रमांक UA123456785IN असा U ने सुरू होत असेल, तर ते साधे टपाल. त्यावरचा बारकोड मुख्यतः कस्टमला आतल्या मालाची माहिती आगाऊ देण्यासाठी असतो. असे पाकीट परदेशात साध्या पत्रांबरोबर वर्गवारीला जाते आणि पोस्टमनच्या पिशवीतून थेट घरी पोचते. वाटेत ते स्कॅन करण्याचे बंधन तिथल्या टपालखात्यावर नसते. रजिस्टर आणि ट्रॅकिंगच्या टपालासाठी त्या खात्याला जादा मोबदला मिळतो, साध्यासाठी नाही. मग फुकट नोंद कोण ठेवणार?

क्रमांक R, C किंवा E चा असूनही नोंद थांबली, तर आपल्या टपालखात्याच्या संकेतस्थळावरच खिळून राहू नये. आपल्याला तिथे दिसते ते परक्या देशाने उलट कळवलेले तेवढेच, आणि हे कळवणे उशिरा होते किंवा राहूनही जाते. तोच क्रमांक जर्मन टपालाच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. पाकीट कस्टममध्ये अडकले आहे की वाटपाला निघाले आहे, हे तिथे आधी कळते. तिथेही काही नसेल, तर चौकशीचा अर्ज पाठवणाऱ्याने इथल्याच पोस्टात द्यायचा, तोही टपाल टाकल्यापासून R आणि C साठी सहा महिन्यांच्या आत, E साठी त्याहून लवकर. जर्मनीतल्या मुलाने तिथे हेलपाटे घालून फारसे काही साधत नाही. U च्या पाकिटाला मात्र ही चौकशीसुद्धा लागू नाही.

स्वस्त सेवा जरूर असावी. रजिस्टरचे पैसे वाचवायचे की नाही, हे गिऱ्हाईक ठरवील. पण ठरवायला त्याला माहिती हवी. क्रमांक आला की लोक ट्रॅकिंगही आले असे धरून चालतात, आणि ऑनलाइन दुकानदार तर U च्या क्रमांकाला बिनदिक्कत ‘ट्रॅकिंग नंबर’ म्हणून खपवतात. ‘नोंद फक्त परदेशात पोचेपर्यंत, चौकशी नाही’ एवढी एक ओळ पावतीवर आणि दुकानाच्या बिलावर सक्तीने छापायला काय हरकत आहे? शाई थोडी जास्त जाईल. काउंटरवरची भांडणे कमी होतील.