परदेशातल्या सभासदांचा अहवाल आणि त्यातली एक ओळ

आपल्या गावातल्या एका सांस्कृतिक मंडळाने परदेशी असलेल्या सभासदांना पाठवलेला वार्षिक अहवाल वाचला. व्याख्यानमाला, दिवाळी पहाट, फोटो झकास. जमाखर्चात मात्र 'परदेशस्थ सभासदांच्या देणग्या' अशी एकच ओळ. मंडळी, गोची इथेच आहे.

समजा, दुबईतल्या भावाकडे भारतीय पासपोर्ट आहे. त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवले, तर कायद्याने ती विदेशी देणगी नाही. अमेरिकेतल्या बहिणीने तिकडचं नागरिकत्व घेतलंय, हातात ओसीआय कार्ड आहे. तिची देणगी विदेशीच, इथे येऊन रुपयांत दिली तरी! ती घ्यायला केंद्रीय गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते.

अहवालात पुढे सभागृहासाठी याच सभासदांना आवाहन आहे, खातं गावच्या बँकेतलं. नोंदणीचा उल्लेख कुठेच नाही. विचारलं तर कार्यकर्ते म्हणतात, "आपलीच माणसं आहेत हो." आहेतच की. पण कायदा पासपोर्ट बघतो. तेव्हा आवाहन तूर्त थांबवा, पावतीपुस्तकं काढून नागरिकत्वाप्रमाणे दोन याद्या करा आणि ऑडिटरला दाखवा. परदेशातल्या सभासदांनीही पैसे पाठवण्याआधी नोंदणी क्रमांक मागावा.