दावा की रिट? सुरतेच्या मराठी पालकांपुढील प्रश्न

सुरतेत लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत स्थिरावलेली खानदेशी कुटुंबे शाळेच्या वा मंडळाच्या प्रश्नावर सरकारी हुकूम हाती पडला की प्रथम ओळखीच्या दिवाणी वकिलाकडे जातात आणि ‘स्टे मिळेल का?’ असे विचारतात. प्रश्न स्वाभाविक आहे. पण कोणत्या न्यायालयाची पायरी चढायची हे आधी ठरवावे लागते. ते चुकले तर स्टे राहतो बाजूला आणि शैक्षणिक वर्ष हातचे जाते, असे आमचे मत आहे.

सरकारविरुद्ध दिवाणी दाव्याची मोठी अडचण खानदेशाला लागून असलेल्या मालेगावच्याच खटल्याने कायमची अधोरेखित केली. 1921 च्या दंगलीनंतर तेथील रहिवाशांवर नुकसानभरपाईची आकारणी बसवण्यात आली. काहींनी ती बेकायदा ठरवावी आणि वसुलीस मनाई करावी, असा दावा लावला. नोटीस दिली होती, परंतु दोन महिने पुरे होण्याआधीच दावा दाखल झाला. वसुली तोंडावर असताना थांबायचे कसे, हा त्यांचा युक्तिवाद होता. मुंबईकडील काही निर्णयही त्यास अनुकूल होते. प्रिव्ही कौन्सिलने 1927 साली, भागचंद दगडूसा खटल्यात, तो फेटाळला. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 80 मनाई हुकमाच्या दाव्यालाही लागू आहे आणि त्यास निकडीचा अपवाद नाही, असे ठरले. आकारणी योग्य की अयोग्य, हा प्रश्न त्या अडथळ्यापुढे गौणच ठरला.

1976 च्या दुरुस्तीने दार थोडे किलकिले केले. आता तातडी असल्यास न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा लावता येतो. पण सरकारला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याखेरीज अंतरिम दिलासा मिळत नाही. आणि तातडी न पटल्यास दावा परत केला जातो, नोटीस देऊन पुन्हा आणा म्हणून. महापालिकेच्या बाबतीत नोटिशीची तरतूद तिच्या स्वतःच्या अधिनियमात आहे. तीही पाहावी लागते.

याउलट 1961 चे अहमदाबादचे उदाहरण पाहा. सेंट झेवियर्स महाविद्यालयात इंग्रजी माध्यमातून पहिले वर्ष पुरे केलेल्या एका विद्यार्थ्याला पुढील वर्गात त्याच माध्यमाने प्रवेश नाकारण्यात आला, कारण गुजरात विद्यापीठाच्या नियमांनी माध्यम बदलले होते. मुधोळकर हे आडनावच कुटुंब कोठले ते सांगते. वडिलांनी दावा लावला नाही. अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात परमादेशासाठी अर्ज केला. 24 जानेवारी 1962 रोजी तेथील निकाल लागला आणि 21 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की, तत्कालीन अधिनियमाने विद्यापीठाला गुजराती वा हिंदी हे एकमेव माध्यम म्हणून लादण्याचा अधिकार दिलेला नाही.

हे प्रकरण रिटला साजेसे का होते? कारण तथ्यांविषयी भांडण नव्हते. विद्यार्थी कोण, कोणत्या वर्गात होता, नकार कोणी दिला, हे सारे कागदावर होते. वाद एवढाच होता की नियम करणाऱ्याला तो अधिकार होता का. साक्षीपुराव्याची गरज नसल्याने प्रतिज्ञापत्रांवर निकाल देता आला.

आता समजा, सुरतेतील एखाद्या मराठी शाळेचे वर्ग लेखी आदेशाने बंद केले. आदेश अधिकाराबाहेरचा आहे, पालकांना ऐकून घेतले नाही, एवढेच म्हणायचे असेल तर सोल्याच्या उच्च न्यायालयात जावे आणि लवकर जावे. घोषणेच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, पण रिटमध्ये विनाकारण झालेला काही महिन्यांचा विलंबही अंगाशी येऊ शकतो. मात्र वाद मंडळाच्या जागेचा असेल, सरकार तिला अतिक्रमण म्हणत असेल आणि मालकी जुन्या खरेदीखतावर व शेजाऱ्यांच्या तोंडी साक्षीवर उभी असेल, तर रिट न्यायालय बहुधा ‘दिवाणी न्यायालयात जा’ असेच सांगेल. तिथे उलटतपासणीविना सत्य बाहेर येत नाही. अशा वेळी अठवा लाइन्सचे जिल्हा न्यायालयच खरे. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 34 प्रमाणे नुसती घोषणा मागून भागत नाही. ताबा गेला असल्यास ताबाही मागावा लागतो, अन्यथा घोषणाही नाकारली जाते.

खर्चाच्या हिशेबात आमचे लोक भाषा मोजत नाहीत. सुरतेचे न्यायालय गुजरातीत चालते, उच्च न्यायालय इंग्रजीत. मराठी ठराव, इतिवृत्ते, पावत्या यांचे भाषांतर दोन्हीकडे लागते. दाव्यात तर मूळ कागद सिद्धही करावा लागतो. म्हणून मंडळाच्या चिटणीसांनी आदेश हाती पडल्याच्या दिवसाची तारीख लिहून ठेवावी, आदेशाची प्रमाणित प्रत मागावी आणि वकिलाला पहिला प्रश्न ‘स्टे मिळेल का?’ हा न विचारता, ‘यात साक्षीदार तपासावे लागतील का?’ हा विचारावा.